फोटोवाल्याला सांगितलेली वेळ

आमच्याकडे कोणत्याही कार्यक्रमाला दोन वेळा असतात. एक सांगायची आणि एक खरी. सांगायची पत्रिकेवर छापतात, खरी घरच्या बायकांना ठाऊक असते. मधे दोन तास सोडले की सगळं सुरळीत पार पडतं, असं मी मानत आले होते आणि दुसऱ्यांनाही शिकवत आले होते. आमच्या घरात बारसं असो की तेरवी, आचारी, बिछायतवाला आणि फोटोवाला ठरवायचं काम माझ्याकडे. दीर म्हणायचे, वहिनीच्या हाती दिलं की आपण पानाला बसायला मोकळे. मला ते आवडायचं. माणसं नाचवण्यात मजा असते, खोटं कशाला सांगू.

माझ्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तेव्हा मी कंबर कसली. मारेगावात आमच्या भावाच्या घराच्या मागच्या गल्लीतच एक मंगल कार्यालय आहे, तेच घेतलं. आदल्या रात्री तिथे दुसऱ्या कुणाचा वाढदिवस होता, म्हणून किल्ली सकाळी दहाला मिळणार होती. झाडपूस, मग बिछायतवाल्याचं स्टेज, एक वाजता टिळा, दोनला जेवणं. हा खरा हिशेब माझ्या डोक्यात होता आणि भाऊ सोडून तो मी कुणालाही सांगितला नाही. बिछायतवाल्याला आठला या म्हटलं. तो हसून हो म्हणाला आणि दहालाच आला, कारण तो आमच्याच भागातला. आचाऱ्याला पंगत बाराची सांगितली. मुलाकडच्यांना अकराचं सांगितलं, म्हणजे ते साडेबारापर्यंत पोचतील.

फोटोवाला मात्र नवीन होता. बसस्टँडजवळ त्याचा बापाच्या वेळचा स्टुडिओ. पोरगेलासाच माणूस, बोलायला गोड, पण कामाच्या बाबतीत भारी चिवट. इसार घेताना त्याने विचारलं, "ताई, वेळ कार्डावरची सांगून राह्यले का खरी?"

"खरीच," मी म्हटलं. "साडेनऊला हजर राहा."

"हॉल खुला भेटन न? मले लाइटाचे दोन स्टँड लावाचे हायेत, वायरी वढाच्या हायेत."

"सगळं खुलं राह्यते. तुम्ही या फक्त."

"अन् अडीचले म्या निघन. सांजीले मुकुटबनले हळद हाये, तिथं लाइट लावाले येळ लागते."

मी मान डोलावली. त्याच रात्री त्याने फोनवर सगळं लिहून पाठवलं. तारीख, यायची वेळ, जायची वेळ, आत्ता दिलेला इसार, निम्मे पैसे कार्यक्रमाच्या सकाळी कॅमेरा काढायच्या आधी, आणि राहिलेले अल्बम हातात देताना. खाली लिहिलं होतं, बरोबर असेल तर कळवा. मी अंगठ्याची खूण पाठवली. मला वाटलं, हाही साडेनऊ म्हणजे साडेअकराला उगवेल. सगळेच तसे.

आता आबांचं सांगते, कारण हा सगळा खटाटोप मुळात त्यांच्यासाठी होता. आबा म्हणजे माझे वडील, भावाकडे राहतात. दोन वर्षांपासून त्यांची छाती साथ देत नाही. उशाशी ऑक्सिजनचं मशीन असतं. मुलाला पहिला टिळा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने लावायचा अशी आमच्यात रीत, आणि आबांनी नातीच्या जन्मापासून तो टिळा आपल्या नावावर ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तासभर मशीनशिवाय बसू द्या, त्याच्या वर नको. म्हणून ठरलं की भावाने त्यांना साडेबाराला कारने आणायचं, एकला टिळा, एक फोटो, आणि लगेच परत. त्या एका फोटोसाठी तर मी स्वस्तातला पोऱ्या सोडून हा चिवट माणूस धरला होता.

आणि आबांनाही मी वेळ सांगितली. म्हटलं, "आबा, अकराला तयार राहा हं." म्हाताऱ्या माणसाला सदरा, टोपी, औषध, सगळ्याला वेळ लागतो, असा माझा विचार. सवयच ती. तोंडातून खरी वेळ निघतच नव्हती.

त्या दिवशी मी माझ्या घरी लेकीला साडी नेसवत होते तेव्हा फोन आला. "ताई, म्या आलो. कुलूप हाये."

घड्याळात साडेनऊ. माझा पाराच चढला. चूक माझी आणि राग त्याच्यावर, हे आत्ता कळतं. "अहो, एवढ्या लवकर कायले आले?" मी म्हटलं.

"तुमीच सांगतलं ताई," एवढंच तो म्हणाला.

"थांबा थोडं. दहाला उघडते." आणि मी फोन ठेवला. साडीच्या निऱ्या सुटत होत्या, तेवढं कारण मला पुरलं.

पुढे सगळं माझ्या हिशेबाने झालं म्हणायला हरकत नाही. किल्ली मिळाली, स्टेज लागलं, आचाऱ्याच्या कढया चढल्या. मी दाराशी उभी राहून हुकूम सोडत होते. मुलाकडचे साडेबाराला आले. त्यांच्यातला एक काका बुलंद आवाजाचा. त्याने बिछायतवाल्याला विचारलं, "तुले कितीची वेळ देल्ली होती?" तो म्हणाला, आठची. आचारी आतून ओरडला, "मले बाराची पंगत सांगतली, म्हणून भाताचं आधण आतालोक ठेवलं नाही, दोनच्या आत कोनी बसत नाही." काका म्हणाला, "आमाले अकरा." आणि सगळे हसले. फोटोवाला उरलेली वायर गुंडाळत होता. तो हसला नाही. "मले साडेनऊ," तो खाली मान घालून म्हणाला. मीही हसल्यासारखं केलं, पण कानशिलं गरम झाली. व्याह्यांच्या देखत कुणीतरी पदराची गाठ सोडून आतली चिल्लर दाखवावी तसं वाटलं.

तेवढ्यात भाऊ आला. एकटाच.

"आबा?" मी विचारलं.

"नाही येऊ शकत. मशीन लावलं. निजवलं त्याईले."

"काहून? सकाळी तर बरे होते."

भाऊ माझ्याकडे न बघता बोलला. आबांनी अकराची वेळ धरून साडेनऊलाच अंघोळ उरकली होती. पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि मशीन बाजूला सारून ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसले. कुणी म्हटलं आत निजा, तर म्हणाले, सदरा चुरगळतो. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, तरी उठले नाहीत. गाडी आली आणि आपण तयार नाही असं व्हायला नको, हाच त्यांचा ध्यास. भाऊ साडेबाराला न्यायला गेला तेव्हा ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी दिलेला तास त्यांनी ओट्यावर बसून संपवला होता, माझ्या सांगण्यावरून.

टिळा लेकीच्या थोरल्या काकांनी लावला. गर्दीत मी कुंकवाचं ताट धरून उभी होते. मला शरम वाटत होती, नुसती शरम. दुःखात तरी कुणी हात धरतं, शरमेच्या वेळी माणूस कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

जेवणं सुरू झाली तसा फोटोवाला सामान भरायला लागला. अडीच होत आले होते. मी त्याच्या मागे गेले. "भाऊ, पाच मिनिटं माझ्या भावाच्या घरी चला न. आबांजवळ मुलामुलीला उभं करते, एकच फोटो. वरचे पैसे देते."

"पैशाचं नाही ताई," तो म्हणाला. "तिकडच्याईले म्या खरी वेळ देल्ली हाये." त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले तरी असते. मग बॅगेची चेन लावत म्हणाला, "आजोबाचा एक फोटो म्या सकाळीच काढला. इथं कुलूप होतं, त चौकीदारानं तुमच्या भावाचं घर दाखवलं. बॅटऱ्या चार्ज कराले गेलतो. आजोबाईनं चाय पाजला."

"काय म्हणाले आबा?"

"म्हने, लवकरच आलास. म्या म्हटलं, कुलूप हाये. त म्हने, अकराले सुरू होईन, माही लेक वेळेची पक्की हाये."

तो मोटारसायकलवर बसून गेला. मी कार्यालयाच्या मागे, जिथे पत्रावळी टाकतात तिथे जाऊन उभी राहिले. पंगतीतून माझ्या नावाने हाका चालू होत्या. वाढप अडलं होतं, चाव्या माझ्याच कमरेला होत्या. थोड्या वेळाने डोळे पुसून आत गेले आणि बुंदी वाढली.

महिनाभराने अल्बम आला. उरलेले पैसे मी घासाघीस न करता दिले, त्यावर नवऱ्याने माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. पहिल्याच पानावर फोटोवाल्याने आबांना ठेवलं आहे. पांढरा सदरा, टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, मागे ओट्याची निळी भिंत. खुर्चीला पाठ टेकलेली नाही. कॅमेऱ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत आहेत. फोटो सुरेख आहे, येणारे-जाणारे तसं म्हणतात. मला तो बघवत नाही. मी थेट दुसऱ्या पानापासून अल्बम उघडते.

आबा त्यातून सावरले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण भावाने त्या दिवशीच्या सगळ्या वेळा त्यांना सांगितल्या होत्या, हे मला माहीत आहे.

आता लग्नाची तारीख निघाली आहे. गेल्या आठवड्यात मी त्याच फोटोवाल्याकडे गेले. या वेळी मीच लिहून नेलं होतं. हॉल सकाळी सातला उघडा, किल्ली माझ्या हातात, हळद आठला, लग्न साडेबाराला, आणि ही खरी वेळ. त्याने कागद वाचला, "बरं ताई" म्हणाला, इसार घेतला. मी भावाकडे पोचायच्या आत त्याने भावाला फोन करून वेळ विचारून घेतली होती. भावाने ते हसत सांगितलं. मीही हसले, दुसरं काय करणार.

मग आबांच्या खोलीत गेले. मशीनचा आवाज चालू होता. मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, "आबा, लग्न साडेबाराला आहे. बाराला गाडी येईल. तोवर निजूनच राहा."

आबांनी मान हलवली. नाकावरची नळी नीट केली. मग माझ्याकडे अगदी प्रेमाने, काही मनात न ठेवता बघत त्यांनी विचारलं, "बरं. अन् खरी किती?"