मालनच्या फॉर्मातली मिश्री

विट्यात मालन खराडेची कांडप गिरणी सगळ्यांना माहीत होती. तिची जीभही तशीच माहीत होती. मिरच्या निवडून आणल्या नसतील तर ती गिऱ्हाईक परत पाठवायची, मग ते गिऱ्हाईक मास्तरीण असो की नगराध्यक्षांची सून. एप्रिल-मेमध्ये मिरच्या कुटायचा डंख दिवसभर धडधडायचा, तिखटाने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकातोंडातून पाणी निघायचं, आणि मालन मात्र नाकाला पदरही न लावता उभी असायची. त्रेचाळीस वर्षांची बाई, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, घरात म्हातारी सासू आणि अकरावीतली पोरगी ऋतुजा. माहेरी कुणी उरलं नव्हतं. आपलं काही बरंवाईट झालं तर ऋतुजाला सांभाळणारं कुणी नाही, ही एकच गोष्ट तिला आतून पोखरायची. म्हणून तिने स्वतःचा टर्म विमा काढायचा ठरवलं. माणूस गेला तरच पैसे मिळतात आणि जगला तर काहीच नाही, असा विमा. सासूला ते अभद्र वाटलं, पण मालनने ऐकलं नाही.

विम्याच्या कागदाशी तिचं जुनं वैर होतं. तिचा नवरा दत्ता जेसीबी चालवायचा. त्यानेही असाच विमा काढला होता. एजंट साइटवर आला, दत्ताने जेसीबीच्या पायरीवर कागद ठेवून दाखवलेल्या जागी सह्या ठोकल्या आणि परत मशीनवर चढला. आतले प्रश्न एजंटाने आपल्या घरी बसून भरले. साखरेचा आजार आहे का, नाही. तंबाखू खाता का, नाही. दवाखान्यात कधी दाखल होता का, नाही. दत्ताला पाच वर्षं साखर होती आणि गालात तंबाखूची गोळी तो फक्त जेवताना काढायचा.

वीस महिन्यांनी त्याचं हार्ट फेल झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी सवयी आणि आजार विचारले तेव्हा मालननेच खरं सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं, उपचार करायचे होते. कंपनीने चौकशीत तोच केसपेपर काढला, फॉर्मशेजारी ठेवला आणि क्लेम नाकारला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. मालन पुण्याला विमा लोकपालांपर्यंत गेली. एजंटाने भरलंय, माझ्या माणसाने वाचलंसुद्धा नाही, असं ती सांगत राहिली. तिला एकच विचारलं गेलं, सही त्यांचीच आहे का. सहीच्या वर छापलं होतं की वरची उत्तरं मी समजून घेतली आहेत आणि ती खरी आहेत. सही दत्ताचीच होती. ती उठली आणि एसटीने घरी आली. तो राग तिचा अजून उतरलेला नव्हता. कंपनीवर होता, एजंटावर होता, आणि मेलेल्या नवऱ्यावर तर सगळ्यात जास्त होता.

त्यामुळे स्वतःचा फॉर्म तिने कुणाच्या हातात दिला नाही. या वेळचा एजंट सागर लांबच्या नात्यातला, तिला काकू म्हणायचा. त्याने मोबाइलवर पटकन भरून देतो म्हटलं, तर तिने मराठी छापील फॉर्मच आणायला लावला आणि गिरणी बंद ठेवून दोन तास बसली. वडील कशाने वारले, साखरेने, लिहिलं. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालंय, साल लिहिलं. मागच्या वर्षी तीन महिने बीपीची गोळी घेतली आणि आपल्या मनाने बंद केली, तेही लिहिलं. सागर म्हणत होता, काकू, बंद केली तर लिहायला कशाला पायजे. ती म्हणाली, "त्यांनी घेतली का असं विचारलंय. घेतली." मग प्रश्न आला, तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थ, कोणत्याही स्वरूपात. मालनने क्षणभरही न थांबता, ठसठशीत अक्षरात नाही लिहिलं. तंबाखूने नवरा गेलेला, ती कशाला खाईल. सागरने फॉर्म नेला, जमा केला, आणि कंपनीने तपासणीसाठी गुरुवार दिला.

रविवारी सकाळी मालन परड्यात चुलीवर तवा टाकून मिश्री भाजायला बसली. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनेच तिला मिश्री लावायला शिकवलं होतं. चोवीस वर्षं झाली. सकाळी उठल्यावर, चहाआधी, दुपारी आणि झोपताना, बोटावर घेऊन दातांना फिरवायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग चूळ. तिच्याशिवाय डोकं जड व्हायचं, गिऱ्हाईकावर खेकसायला व्हायचं. पानं तव्यावर काळी पडत होती, धूर घरात शिरला होता. ऋतुजा वही घेऊन वैतागत बाहेर आली. "आई, काय गं हे तंबाखू जाळत बसतीस. माझ्या वह्यांनाबी वास मारतोय."

मालनचा उलथनं धरलेला हात थांबला. पुढ्यातला कागदाचा पुडा तिने उचलून बघितला. कालच वाण्याकडे जाऊन तिने स्वतःच्या तोंडाने पाव किलो तंबाखू मागितली होती. चोवीस वर्षं ती तंबाखू मागून आणत होती, आणि तवा उतरला की तिची मिश्री व्हायची, दातांचं औषध व्हायचं. लोकपालांसमोर तिने दत्ताच्या तंबाखूवरून एवढं तोंड वाजवलं, त्या दिवशीही ती मिश्री लावूनच गेली होती. दत्ताच्या फॉर्मात निदान दुसऱ्याने खोटं लिहिलं होतं. हिने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने तवा तसाच पाण्यात बुडवला.

सासूला सांगितलं तर तिला हसूच आलं. मिश्री कुठं तंबाखू असती का, आणि बायकांच्या दात घासायच्या गोष्टी कुणी कागदावर लिहितं का, लोक काय म्हणतील. मालन म्हणाली, "आत्याबाई, लोक काय म्हणतील ते मी बघते. कंपनी काय म्हणतीय ते मी एकदा बघितलंय."

सागर संध्याकाळी आला. त्याला आधी कळेचना की एवढ्यासाठी का बोलावलं. मग तो हळू आवाजात समजावू लागला. मिश्री लिहिली की तंबाखूवाल्यांचा दर लागणार, हप्ता दीडपटीच्याही पुढे जाणार. त्यापेक्षा तपासणी आठवडाभर पुढे ढकलू, तेवढे दिवस मिश्री बंद ठेवा. लघवीत तंबाखूचा अंश बघतात, तो काही दिवसांत निघून जातो. एकदा पॉलिसी हातात आली की तीन वर्षं काढायची, नंतर कंपनीला उत्तर उकरून काढून क्लेम नाकारता येत नाही.

"आणि तीन वर्षांच्या आत मी मेले तर?"

"काकू, असं कशाला बोलताय."

"विमा मरणाचाच हाय न्हवं? मग मरणाचंच बोलणार. दत्ता वीस महिन्यांत गेला. तो काय ठरवून मेला काय? उद्या मी दवाखान्यात पडले, डॉक्टरनं पोरीला विचारलं, आईला काय सवय होती, तर ती खरं सांगणार. तिला मी खोटं शिकवलं नाही. मग तोच केसपेपर तुझ्या कंपनीच्या टेबलावर जाणार आणि माझी पोरगी पुण्याला हेलपाटे घालणार. माझ्यासारखे."

सागर म्हणाला, सगळेच असं भरतात. फॉर्म सुधारला तर वरचे साहेब त्याच्यावर डाफरतील, केस लांबेल, कदाचित कंपनी नाहीही म्हणेल. मालनने सांगितलं की नाही म्हणाली तर म्हणू दे. आता तोंडावर नाही म्हटलेलं तिला परवडतं, आपण मेल्यावर पोरीला म्हटलेलं परवडत नाही. बोलताना तिचं लक्ष सागरच्या गालाकडे गेलं. तिथे तंबाखू-सुपारीचा मावा होता. तो आल्यापासून दोनदा परड्यात थुंकून आला होता.

"तुझा सोताचा विमा हाय का रं?"

"हाय की. औंदाच काढलाय."

"त्यात तंबाखूपुढं काय लिहिलंस?"

सागरने मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. त्याला दोन वर्षांचा मुलगा होता, मालनने त्याच्या बारशाला कुंची शिवून दिली होती. तिने ऋतुजाच्या वहीतून कागद फाडला आणि कंपनीच्या नावाने अर्ज लिहायला बसली. अर्जाचा नंबर घातला. अमुक प्रश्नाचं उत्तर मी चुकून नाही असं लिहिलं, ते होय असं धरावं, मी चोवीस वर्षं रोज चार वेळा तंबाखूची मिश्री लावते. खाली सही आणि तारीख. शेवटी सागरने मान खाली घालून तो अर्ज घेतला, स्वतःच्या अर्जासाठी ऋतुजाकडे आणखी एक कोरा कागद मागितला आणि घडी करून खिशात ठेवला.

गुरुवारी तपासणीला जाताना मालन रोजच्यासारखी मिश्री लावूनच गेली. तिथल्या डॉक्टर नव्या होत्या, तिच्यापेक्षा लहान. धूम्रपान, दारू, तंबाखू, असं एका दमात विचारून त्या स्वतःच नाही, नाही लिहायच्या बेतात होत्या. बाईमाणूस म्हटल्यावर त्या तसं धरूनच चालल्या होत्या. मालनने कागदावर हात ठेवला. "डॉक्टरबाई, मी अजून बोलले नाही." मग तिने सगळं सांगितलं आणि लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही केली नाही. मागे रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मालनने वळून तिलाच विचारलं की तू किती वेळा लावतीस. ती बाई हसायची थांबली.

कंपनीने तीन आठवडे घेतले. मग पत्र आलं की तंबाखूच्या दराने वाढीव हप्ता मान्य असेल तर सही करून पाठवा, म्हणजे पॉलिसी देऊ. सासू म्हणाली, बघ, खरं बोलून दंडच बसला. मालनने संमतीची सही केली. हप्त्यासाठी तिने गिरणी रविवारीही चालू ठेवायचं ठरवलं आणि त्याबद्दल ती कुणाकडे एक शब्दही कुरकुरली नाही.

पॉलिसी आली तेव्हा सोबत फॉर्मची आणि तिच्या अर्जाची प्रत होती. मालनने ट्रंकेतून दत्ताचा फॉर्मही काढला. चार वर्षांत तो तिने इतक्यांदा उलगडला होता की घड्यांवर फाटला होता. दोन्ही तिने ऋतुजापुढे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले आणि मोठ्याने वाचायला लावलं. ऋतुजाने वडिलांचा वाचला. नाही, नाही, नाही, पान संपेपर्यंत नाही. मग आईचा वाचला. वडिलांना साखर, होय. ऑपरेशन, होय. बीपीची गोळी, होय. तंबाखू, होय, मिश्री, दिवसातून चार वेळा.

सासू दाराशी बसून ऐकत होती. तिने विचारलं, "एवढं समद्या जगाला सांगितलंस, आता मिश्री सोडणार का न्हाई?"

"सोडीन नाहीतर लावीन. माझं मी ठरवीन," मालन म्हणाली. मग तिने आपला फॉर्म ऋतुजाच्या हातात दिला. "हा तुझ्याजवळ ठेव. उद्या मी गेले आणि कुणी विचारलं, सही हिचीच आहे का, तर मान वर करून सांग. माझ्या आईचीच हाय, आणि वरचं अक्षरबी तिचंच हाय."