दवाच्या भरवशावर

आमच्या तालमीच्या दादांना कुस्तीतलं सगळं कळायचं आणि क्रिकेटमधलं काही कळायचं नाही. तरीही टॉस जिंकल्यावर काय घ्यायचं ते मात्र तेच ठरवायचे. तालमीच्या क्रिकेट टीमचा मी फक्त नावाचा कप्तान.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत थंडीच्या दिवसांत नदीकाठच्या मैदानावर बांबूंना हॅलोजन बांधून रबरी बॉलच्या स्पर्धा व्हायच्या. दहा-दहा ओव्हर. पहिली टीम सहाला बॅटिंगला उतरायची, दुसरी साडेसातच्या पुढं. तोवर उसाच्या बाजूनं गारवा यायचा आणि गवत ओलं व्हायचं. ओला रबरी बॉल हातात ठरत नाही. टप्पा पायाशी टाकायला जावं तर थेट फुलटॉस जातो आणि फिरकी तर विसरायचीच. अशा बॉलवर दुसऱ्यांदा खेळणाऱ्याची चंगळ, हे शाळेतल्या पोराला कळेल.

दादांना नाही कळायचं. "नाणं जिंकून समोरच्याला बॅट द्यायची? आखाड्यात उतरून पाठ दाखवल्यागत हाय ते!" असं म्हणून दोन वर्षं त्यांनी पहिली बॅटिंग घ्यायला लावली. दोन्ही वर्षं धावा चांगल्या केल्या आणि दोन्ही वर्षं शेवटच्या ओव्हरांत आमचे बॉलर एकच पंचा चोळत फुलटॉस टाकत राहिले. घरी येताना हेच दादा म्हणायचे, "बॉलिंगच बेकार हाय तुमची!" माझं डोकं फिरायचं.

तिसऱ्या वर्षी मी तालमीच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर भांडलो.

"दादा, टॉस जिंकला तर मी बॉलिंग घेणार."

"आणि मॅच हरलास तर?"

"कप्तानी सोडतो."

"बघा रं, सगळ्यांनी ऐकलंय न्हवं?" दादा म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं होतं. कप्तानी म्हणजे काय, चार लोकांत मान आणि टॉसला पुढं जायचा हक्क. पण मला ती जिवापाड प्यारी होती, हे आता कबूल करायला लाज कसली?

सेमीफायनलला समोर हुपरीची टीम आली. सगळी चांदीची कारागीर पोरं, घरोघरी पैंजण करणारी. टॉस मी जिंकला आणि छाती काढून "बॉलिंग" म्हणालो. त्यांचा कप्तान नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ तेव्हाच विचारायला हवा होता.

त्यांनी अडुसष्ट केल्या. आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला, आणि साडेसातपर्यंत मी म्हणत होतो तसंच दव उतरलं. मी मुद्दाम दादांसमोर जाऊन चपलेचा ओला तळ दाखवला. मला इतका आनंद झाला की पॅड बांधायचं विसरलो.

मग हुपरीच्या पोरांनी बॉलिंगच्या टोकाला एक पोतं आणून ठेवलं. त्यात लाकडाचा भुसा होता, कोरडा खडखडीत. पैंजण रिठ्याच्या पाण्यात घासून धुतले की डाग पडू नयेत म्हणून ते लोक भुशात घालून वाळवतात. तोच भुसा! प्रत्येक बॉलनंतर एकजण बॉल पोत्यात घोळायचा, फडक्यानं पुसायचा आणि बॉलरला द्यायचा. बॉलरही हात त्यातच चोळायचा.

मी अंपायरकडं धावलो. ते एका शाळेतले पीटीचे मास्तर. "हे चालतं का हो सर?"

"बॉल पुसायचा न्हाय आसं कुठं लिवलंय? तुमी बी पुसत हुताच की पंच्यानं!"

बॉल कोरडा, टप्पा पायाशी, फिरकी फिरतेय. आमची पोरं फुलटॉसची वाट बघत आडवी बॅट फिरवत राहिली. त्यांना तसं मीच सांगितलं होतं. एकसष्टवर आम्ही संपलो.

मी चिडून त्यांच्या कप्तानाला गाठलं. "पावणं, टॉस जिंकला असता तर तुम्ही काय घेतलं असतं?"

"बॅटिंगच की! धावा फळ्यावर आसल्या म्हंजे बरं. आन् ओली चांदी धरायची आमाला रोजचीच सवय हाय."

मला स्वतःचाच संताप आला. वर्षभर मी दव कधी पडतं, किती पडतं हेच बघत बसलो होतो. ओला बॉल कोरडा कसा करायचा, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. आणि मूर्ख मी दादांना म्हणत होतो.

दादा सायकल घेऊन उभे होते. ते हसतील, टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी फक्त सायकल वळवली.

"पुढच्या वर्षी कप्तान दुसरा. बॅटिंग पहिली," ते म्हणाले. "आन् तू हुपरीला जाऊन भुसा आणायचास."