व्ही. पी. माफ

आक्का गेल्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्याविषयी लिहायला बसलो की प्रत्येक वेळी मी त्या तीन ओळींपाशी अडतो. त्या मी लिहिल्या होत्या.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मळवलीजवळच्या भाजे गावात दिलेली. नवरा वारल्यावर दिराच्या घरी तिचे काय चालले होते ते तिने कधी सांगितले नाही. एकदा मळवली स्टेशनावर भेटली तेव्हा हाताला शेणाचा वास होता आणि पदराखाली मनगटावर चटका. मी तिला लोणावळ्याला घेऊन आलो. मी शाळेत मास्तर. दोन खोल्या, त्यांत आम्ही सात माणसे. शेजारच्या चाळीत तिने एक खोली घेतली आणि म्हणाली, "तुझ्या बायकोच्या चुलीपाशी मी बसणार न्हाई. माझं मी बघते."

सासूकडून शिकलेले दंतमंजन तिला येत होते. हिरडा, बाभळीची साल, खैर, लवंग, सैंधव. वस्त्रगाळ करून टिनच्या डबीत भरायची. गावात विकले जाई ते थोडे. हवा खायला येणारे पाहुणे दोन-दोन डब्या नेत आणि पुढे पत्र लिहीत, व्ही. पी.ने आणखी पाठवा, डब्या हाती आल्या की पैसे पोस्टमनकडे देऊ. त्यावरून आम्हाला वाटले की हा धंदा टपालाने होईल.

दीर बाजारच्या दिवशी आला आणि माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "गुर्जी, दिवाळीपातुर ऱ्हाऊ द्या. लोक मला इचारत्यात, भावजय चाळीत का ऱ्हाते. तोवर तिचं पोट तिच्यानं भरलं तर मी तोंड उघडणार न्हाई. न्हाईतर ती माझ्या घरची हाय." मी होकार दिला. हे मला लिहावेच लागेल.

आता खर्चाचा प्रश्न आला. तीन डब्यांची किंमत आम्ही सव्वा रुपया ठरवली होती. माल तयार व्हायला त्यातले पंधरा आणे जात. पार्सलाचे टपाल आणि रजिस्टर मिळून चार आणे, ते आपण आधी भरायचे. शिवाय पैसे पोस्टाने परत पाठवायचे कमिशन दोन आणे. ते पोस्टमन गिऱ्हाइकाकडून किमतीवर घेतो. हे सहा आणे गिऱ्हाइकावर घालायचे की आपण सोसायचे?

आक्काने लगेच सांगितले, "सरळ लिव. माल सव्वा रुपया, वर सहा आणे. ज्याला परवडंल तो मागवंल."

"आक्का, रुपया दहा आणे ऐकून कोण मागवेल? पेठेतली मोठी कारखानेवाली मंडळी खर्च घेत नाहीत."

"त्यांची गोष्ट येगळी. त्यांच्याकडं डझनानं जातंय. माझ्या तीन डब्या."

मी हिशेब मांडून दाखवला. सहा आणे सोसले तर तीन डब्यांमागे उलट एक आणा पदरचा जातो. म्हणून मी किंमत दोन आण्यांनी वाढवली आणि सालीचा खर्च कमी धरला, तेव्हा कागदावर तीन आणे शिल्लक दिसू लागले. फॉर्मावर पोस्टाने वसूल करायची रक्कम आपणच दोन आणे कमी लिहायची, म्हणजे कमिशन धरून गिऱ्हाइकाला जाहिरातीतलीच किंमत पडेल. तिने कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवले. "तू शिकलेला," एवढेच म्हणाली, आणि पाटल्या मोडून टिनच्या डब्या आणल्या.

पुण्याच्या एका साप्ताहिकात जाहिरात द्यायची होती. ओळीमागे पैसे. आम्हाला तीन ओळी परवडत होत्या. 'टपाल व व्ही. पी. यांचा खर्च आम्ही सोसू' हे बसेना. मी ते कापून कापून लिहिले: 'व्ही. पी. माफ'.

आठवड्यात एकतीस पत्रे आली. आक्काने ती उशाशी ठेवली. डब्या भरताना ती गुणगुणत होती, ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. पोस्टातले कारकून एकेक पार्सल तराजूत टाकत म्हणाले, "मास्तर, साऱ्या इलाख्याचे दात तुम्हीच घासणार काय?"

दहा-बारा दिवसांनी पहिले पार्सल परत आले. मग दोन. मग एका दिवशी पाच. वर शेरा, घेण्यास नकार. डब्यांचे कोपरे चेपलेले, झाकणे उघडून मंजन कागदात सांडलेले.  मी कारकुनांना विचारले, लोक असे का करतात. त्यांनी खिडकीतून एक पोस्टकार्ड पुढे केले. बार्शीच्या एका गृहस्थांचे होते.

'जाहिरातीत व्ही. पी. माफ असे छापून घरी व्ही. पी. पाठवता. पोस्टमनने एक रुपया सहा आणे मागितले. सभ्य माणसास असे फसवू नये.'

मी ते तिथेच उभा राहून तीनदा वाचले. मुलांना समासाचा विग्रह शिकवणारा मी. लोक व्ही. पी. म्हणजे खर्च असे म्हणत नाहीत. व्ही. पी. आली, व्ही. पी. सोडवली, असे म्हणतात. त्यांच्या लेखी तीच सगळी रक्कम. ती माफ, म्हणजे डब्या फुकट.

कारकून हळू आवाजात म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं, मास्तर. म्हटलं, नमुने वाटत असाल."

एकतीसपैकी तेवीस परत आली. प्रत्येकामागे चार आणे बुडाले. नऊच लोकांनी घेतली असती तरी चालले असते, असा काही तरी हिशेब मी तेव्हा करत होतो. घेणारे आठच होते.

आक्का रडली नाही. चेपलेल्या डब्या गुडघ्यावर दाबून सरळ करत बसली. मी म्हटले, "आपण परत पाठवू, आणखी खर्च सोसू, माफी मागू."

"गप ऱ्हा. आता माझं ऐक." तिने मला तेवीस पोस्टकार्डे लिहायला लावली. मजकूर तिचा: 'चूक आमची. माल सव्वा रुपया, पाठवणावळ सहा आणे निराळी. एकूण रुपया दहा आणे द्याल तरच पाठवू. नको असल्यास उत्तर देऊ नये.' मला ते कठोर वाटले. दोन ठिकाणी मी 'कृपया' घातले, ते तिने खोडायला लावले.

अकरा उत्तरे आली. अकरा पार्सले गेली. त्यानंतर रोज दुपारी ती पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसे. एकही परत आले नाही. पण पैसेही आले नव्हते. गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर ते मनिऑर्डरने उलट यायला दिवस लागतात. कारकून समजावत, "परत आलं नाही म्हणजे सोडवलं, मावशी." ती विचारी, "कागद हाय का तसा?" तसा कागद नव्हता.

वसुबारसेला दीर बैलगाडी घेऊन आला. मी त्याला पोस्टाचे सांगू लागलो. तो म्हणाला, "गुर्जी, पैसं दावा." दाखवायला काही नव्हते. खोलीचे भाडेही मीच भरलेले, हे त्याला चाळीत कळले होते. मी म्हणू शकलो असतो की ती जाणार नाही. आत माझी बायको मुलांना जेवायला वाढत होती आणि मी त्या आवाजाकडे कान लावून उभा राहिलो. आक्काने माझे तोंड पाहिले आणि स्वतःच गाडीत चढली.

पहिली मनिऑर्डर दिवाळीच्या पाडव्याला आली. मग बाकीच्या, एकेक करून. अकराच्या अकरा. तिच्या नावाच्या, म्हणून मळवलीकडे पाठवाव्या लागल्या. भाज्याला पोस्टमनसमोर सही तिने केली, पैसे दिराने मोजून घेतले. हे मला तिच्या कार्डावरून कळले. शेवटी लिहिले होते, 'सहा आणे सगळ्यांनी कुरकुर न करता दिले. तुला सांगितलं होतं.'

त्या कार्डाला मी उत्तर लिहायला चार वेळा घेतले. पुढच्या श्रावणात ती तापाने गेली. तोवर ते लिहून झाले नव्हते.