हिरवी होती तोवर कचरा

आमच्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या मावशींचे गुडघे गेल्या वर्षी पार कामातून गेले. डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली. मग जिन्याखाली उभ्यानेच डबा खायच्या. सफाईवालीला खुर्ची दिली तर ती डोक्यावर बसेल, असं साहेबांचं मत. आम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. मीसुद्धा.

मागच्या अंगणात एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची तीन पावसाळे पडून होती. पांढरी आपली म्हणायची. पाठ हिरवीगार, हातांखाली बुरशीचे काळे ठिपके. मावशींनी ती मागितली.

"घेऊन जा, कचराच आहे," साहेब म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

शनिवारी काम आटोपल्यावर मावशी तिला भिडल्या. पाय ठिसूळ झालेत का, ते आधी दाबून पाहिलं. शिपाई तारेची घासणी घेऊन आला, त्याला हाकललं. "ओरखडे पडले की त्यातच परत बुरशी बसते. नरम ब्रश आण!" साबणाच्या कोमट पाण्याने हिरवं निघालं, काळे ठिपके हलेनात. मग हातमोजे घालून भरपूर पाण्यात थोडं ब्लीच. शिपायाने उत्साहाने संडासाचं ॲसिडही पुढे केलं, तशा त्या ओरडल्या, "दोन्ही एकत्र केलंस तर विषारी वायू निघतो, मेल्या!" ठिपके दहा मिनिटं ओले ठेवले, घासले, खुर्ची खळखळून धुतली आणि उन्हात ठेवली. संध्याकाळी ती पांढरीशुभ्र खुर्ची बघून मलाच लाज वाटली.

सोमवारी मावशी बसून जेवल्या. वर्षभरानं!

मंगळवारी पाहुणे यायचे होते आणि एक खुर्ची कमी पडत होती. साहेबांची नजर जिन्याखाली गेली. "अरे वा, ही आत घ्या."

"साहेब, ती माझी आहे," मावशी म्हणाल्या.

"तुमची कशी? ऑफिसची मालमत्ता आहे ही."

तीन वर्षं शेवाळ खात पडली होती, तेव्हा कुठे होती ही मालमत्ता? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरी खुर्ची उचलून आत नेली कुणी? मीच. नोकरी माणसाला किती बुळा करते!

खुर्ची ठेवून मागे वळतो, तर मावशी डबा घेऊन माझ्या पाठोपाठ आत आलेल्या. साहेब आणि नुकतेच आलेले दोन पाहुणे बघत असताना त्या शांतपणे खुर्चीवर बसल्या आणि डब्याचं झाकण उघडलं.

"अहो मावशी, पाहुणे उभे आहेत!" साहेब लालबुंद झाले.

"माझं जेवण झालं की देते," मावशी म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला.