आतून लावायचा अडसर

कार्तिकी एकादशीला गढा वस्तीतल्या शालिग्रामजींच्या इमारतीतली चारही बिऱ्हाडं, बायका-पुरुष-लेकरांसकट, ग्वारीघाटावर नर्मदास्नानाला गेली. खालच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या सत्यभामाबाई सगळ्यांच्या मागून निघाल्या. टांग्यातून शालिग्रामजींची आई, अम्मा, हाका मारत होती. बाईंनी खोलीला कुलूप घातलं, इमारतीच्या थोरल्या दाराची फळी ओढून घेतली आणि टांग्यात बसल्या.

परत आल्या तेव्हा कुलूप होतं तसंच बंद होतं. फक्त ते कोयंड्यासकट उंबऱ्यात पडलेलं होतं. वाळवीनं पोखरलेल्या चौकटीतून कोयंडा कुणीतरी पहारीनं उचकटला होता. दोन पितळी पातेली, शाळेत शिवण शिकवायला जाताना नेसत त्या चांगल्या दोन साड्या आणि दिवंगत यजमानांचं खिशातलं घड्याळ गेलं होतं.

चौकीवरच्या हवालदारानं रपट लिहून घेतली, येऊन दार पाहिलं आणि मान डोलावली. "ताला तो साबुत है, बाई! चोर को ताले से क्या लेना, लकड़ी ही सड़ी है।"

दुसऱ्याच दिवशी शालिग्रामजींनी मुठीएवढं अलिगढी कुलूप आणून दिलं. बाईंनी ते हातात घेतलं, जोखलं आणि परत केलं.

"शालिग्रामजी, कुलूप माझं पण मजबूतच होतं. चौकट बदला. कोयंडा आरपार घालून आतून वळवून द्या. आणि थोरल्या दाराचं काही करा."

"थोरल्या दाराला काय झालं? अडसर है तो।"

"अडसर आतून लागतो. सगळे बाहेर गेल्यावर तो लावायचा कुणी?"

शालिग्रामजींच्या कपाळाला आठी पडली. "सबसे आखिर में कौन निकला था?"

"मी."

"तो फिर!" ते अंगणातल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दरवाजा खुला छोड़ के आप गईं, और भुगतूँ मैं?"

बाईंचा चेहरा उतरला. आपण फळी नुसती ओढली होती, हे त्यांना आठवलंच. पण बाहेरून दाराला लावणार काय होतं? पूर्वी सण असला तरी कुणी ना कुणी घरी असायचं. बाळंतीण असो, आजारी असो, रुसलेलं असो. या वर्षी मात्र कुणीच नव्हतं आणि ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तोवर नरसिंहपूरहून धाकटे दीर रामराव येऊन ठेपले.

"वहिनी, काहून इथं जीव अडकवून बसल्या? चला आमच्याकडे. पौर्णिमेला पुन्हा सारी बिल्डिंग रिकामी होईल. तवर दार ठीक झालं नाही, तर तुमचं बिऱ्हाड मी हलवून राहिलो."

"आणि शाळा?"

"शिवण काय, घरात शिवा ना! आमच्या पोरींचे परकर आहेत की ढीगभर."

ते हसले. बाई हसल्या नाहीत. दिरांच्या घरात आपल्याला कोपरा मिळेल, ताट मिळेल आणि दार मात्र दुसऱ्याचं असेल, हे त्या जाणून होत्या. ही खोली होती तोवर त्या कुणाच्या आश्रित नव्हत्या.

संध्याकाळी त्या पुन्हा शालिग्रामजींच्या ओसरीवर गेल्या. अम्मा वाती वळत बसली होती.

"चूक असेल तर माझी म्हणा," बाई म्हणाल्या. "पण उद्या चोर तुमच्या खोलीत शिरला तर? दार तर एकच आहे ना सगळ्यांचं?"

"बाहेरून कुलूप लावून चार घरांत चार चाब्या वाटू? एक हरवली की बोंब," शालिग्रामजी म्हणाले.

अम्मानं वात खाली ठेवली. "चाबी मत बाँट. सुतार बुला, चौखट बदल. बेचारी अकेली रहती है। और पूनम को मैं घर में रहूँगी।"

"अम्मा, पूनम का नहान छोड़ोगी?"

"नर्मदा मैया मुझे पहचानती है।"

सुतार आला. सागाची नवी चौकट बसली, कोयंड्याची टोकं लाकडातून पलीकडे काढून लोखंडी पट्टीवर ठोकून वळवली. रामरावांनी कोयंडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. "हं," एवढंच म्हणून त्यांनी नरसिंहपूरची गाडी धरली. बाईंनी त्यांच्यासोबत लाडू दिले, पण बिऱ्हाड बांधलं नाही.

पौर्णिमेला पहाटे सगळे टांग्यांत बसले. मागं थोरलं दार लागलं आणि आत अडसर पडल्याचा आवाज झाला. घाटावर बाईंनी अम्माच्या नावानं एक डुबकी जास्त घेतली आणि लोटा भरून घेतला. पाणी फार गार लागलं. वाटभर त्यांना वाटत राहिलं, म्हातारीचे किती कार्तिक उरले असतील, त्यातला एक आपल्या कुलपापायी गेला.

इमारतीशी टांगा थांबला. इतक्या वर्षांत हे दार कधी ठोठावावं लागलं नव्हतं. नुसतं ढकललं की उघडायचं. बाईंनी दारावर थाप मारली.

"कौन?" आतून अम्माचा आवाज आला. थोडा घाबरलेला.

"मी, अम्मा. सत्यभामा."

"कौन सत्यभामा?"

मागच्या टांग्यातली पोरं फिदीफिदी हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. लोटा सांभाळत त्या दाराजवळ गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "खालच्या खोलीतली. नवी चौकट आहे ना, तीच."

आत अडसर सरकवायला म्हातारीला बराच वेळ लागला.