कलम बत्तीस-एफची चिठ्ठी

१९८६, दिवाळीनंतरचा सोमवार, सकाळ. सावंतवाडीतल्या एका शाळेचा व्हरांडा. हजर: मी (मालवण तहसील कार्यालयातली कारकून), मसुऱ्याकडचे एक तलाठी, कणकवलीची एक कारकून, नोकरीत मला ज्युनिअर, आणि पर्यवेक्षक म्हणून आलेले नायब तहसीलदार. निमित्त: महसूल अर्हता परीक्षा, कुळकायद्याचा पेपर. माझी शेवटची संधी.

पास झाले तर बढती, अव्वल कारकून. नाही झाले तर ज्येष्ठता यादीत माझं नाव खाली सरकणार आणि पुढे केव्हातरी कणकवलीच्या या मुलीपुढेच फायली घेऊन उभं राहावं लागणार. ती गुणी मुलगी होती, म्हणून जास्तच भीती वाटायची.

मी आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात केली. मग बदलीने देवगडला रोखपालाचं काम, परत मालवणला आल्यावर कुळकायदा. हे टेबल कुणालाच नको असायचं, कारण पक्षकार भांडतात आणि तारखा संपत नाहीत. मला मात्र ते मानवलं. पण काम येणं वेगळं आणि पेपर लिहिणं वेगळं, हे मी दोनदा नापास होऊन शिकले होते.

हा पेपर पुस्तकांसह होता, म्हणजे कायद्याचं पुस्तक समोर उघडून लिहायचं. ऑफिसची प्रत मी मागून घेतली होती. कायद्यात दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठ्या येतात, त्या जागच्या जागी चिकटवायच्या. त्या सगळ्या मी भाताच्या खळीने चिकटवल्या होत्या. शिवाय प्रत्येक समासात पेन्सिलीने कलमांची यादी.

नायब तहसीलदार खुर्चीवरून उठून म्हणाले, "हस्ताक्षर असलेलं पुस्तक आत चालणार नाही. शाई असो की पेन्सिल."

घंटा व्हायला थोडाच वेळ होता.

तलाठ्यांनी माझं पुस्तक चाळलं. "बाईनू, ह्यां पुस्तक की चतुर्थीक चित्रां काढलेली भिंत? मोकळी जागाच खंय नाय!"

"मस्करी नको. रबर आहे का?"

"आसा. झिलाच्या दप्तरातसून हाडलंय. माझ्याव पुस्तकात थोडां गिचमीड आसा."

आम्ही तिघंही खाली बसलो आणि त्यांच्या मुलाच्या रबराचे तुकडे करून घासायला लागलो. कणकवलीची म्हणाली, "ताई, जोरात नको, कागद फाटेल." पानावर पान पुसत गेले. घंटा झाली तशी खाली पडलेलं सगळं पिशवीत कोंबलं आणि पुस्तक मिटून आत धावले. नायब तहसीलदारांनी पानं उलटून पाहिली आणि पुस्तक परत दिलं.

प्रश्न कलम बत्तीस-एफवरच होता. जमीनमालक अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला असेल तर तो सज्ञान झाल्यावर कुळाने जमीन खरेदीचा हक्क कसा बजावायचा, आणि कुणी कुणाला काय कळवायचं? मी पान उघडलं. तिथे नुसता खळीचा पिवळा डाग होता. चिठ्ठी व्हरांड्यात घासताना सुटून पडली असणार.

मूळ छापलेल्या मजकुरात कुळाने कळवायचं एवढंच दिसत होतं. दुरुस्तीत आणखी काय आलंय, ते आठवेना. शेजारच्या बाकावर कणकवलीची खाली मान घालून भराभर लिहीत होती.

मग एक आवाज आठवला. माझ्या टेबलापुढे उकिडवा बसलेला एक म्हातारा कूळ: "बाईनू, मालकाचो झील मुंबयत मोठो झालो. माका हंय कसां कळतलां? तेणां कळवूक नको?" तेव्हा त्याच्यासाठी मी हीच चिठ्ठी मोठ्याने वाचली होती. सज्ञान झाल्याचं मालकाने कुळाला कळवायला हवं. मी तसं लिहिलं. पण लिहिताना खात्री नव्हती, आणि निकाल लागेपर्यंतही आली नाही. रोज टपाल आलं की हातातलं काम थांबायचं.

पास झाले. पाठोपाठ आदेश आला: अव्वल कारकून, कुळकायदा शाखा, सावंतवाडी. कणकवलीचीही पास झाली. तलाठी मात्र नापास झाले. म्हणाले, "पुस्तकाबरोबर माझां डोकांव पुसलां गेलां."

मालवणचा चार्ज देताना पुस्तक यादीप्रमाणे कपाटात ठेवलं, सही घेतली. सावंतवाडीला सामान लावताना परीक्षेच्या दिवशीची पिशवी झटकली, तर तळाशी ती चिठ्ठी, खळ वाळून कडक झालेली. माझ्या टेबलावर आता दुसरी कारकून आहे आणि पुढच्या परीक्षेला ती तेच पुस्तक नेणार. तिला त्या म्हाताऱ्याने काही सांगितलेलं नाही.

चिठ्ठी पाकिटात घातली आहे. पाकिटावर पत्ताही लिहिला आहे. मालवणला अजून पोचवायची आहे.