दाबलं तेव्हाच दाबलं

काकूंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं त्यांच्या गेमिंग पार्लरमध्ये येणारी पोरं म्हणत. ते खरं नव्हतं. नाकावर चष्मा होता, राग होता हातात. संतापल्या की त्या आधी काहीतरी आपटत आणि मग बोलत. गल्ल्याच्या टेबलाचा डावा कोपरा स्क्रूड्रायव्हरच्या घावांनी पार खडबडीत झाला होता.

हात कामाचेही होते. तरुणपणी एका दुरुस्तीच्या दुकानात फोन घ्यायला म्हणून लागलेल्या काकू वर्षभरात तिथली अर्धी कामं करायला लागल्या, आणि पुढे स्वतःचं पार्लर काढलं तेव्हा तिथला एकेक कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जुळवला. महागडी ग्राफिक्स कार्डं त्या ठेवणीतल्या भांड्यांसारखी पुसून ठेवत. उन्हाळ्यात त्या कार्डांच्या गरमीने खोलीची भट्टी व्हायची, पंखे घोंघावायचे आणि काकू घाम पुसत म्हणायच्या, "चित्र काढायला कष्ट पडतात बाबांनो, फुकट नाही दिसत तुम्हाला ते."

ही गरमी घालवली त्यांच्या धाकट्या भावाने. भाऊ म्हणजे बोलण्यात सगळ्यांच्या पुढे असा माणूस. त्याने कार्डं विकायला लावली आणि प्रत्येक टेबलावर वहीएवढा एक डबा आणून ठेवला.

"ताई, आता खेळ इथे चालतच नाही," तो म्हणाला. "खेळ चालतो लांब कंपनीच्या सर्व्हरवर. कार्डंही तिथेच. इथे पोराने बटण दाबलं की ते तिकडे कळतं, तिकडचं कार्ड चित्र काढतं, चित्र दाबून लहान करून इकडे पाठवतं, आणि हा डबा ते उलगडून पडद्यावर टाकतो. सेकंदाला साठ वेळा! आपण फक्त बघायचं."

"आणि जायला-यायला वेळ लागतो तो?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत. लाइन तगडी घेतलीय आपण."

काकूंनी आठवडाभर कुरकुर केली, स्वतः खेळून बघितलं, लाइनचा वेग मोजला, आणि गप्प बसल्या. चित्र झकास होतं. खोली गार होती. मान्य करणं त्यांच्या जिवावर आलं, पण भाऊ बरोबर होता.

निदान तोपर्यंत तरी.

काकूंची लेक कॉलेजात होती आणि गोळ्या झाडायच्या खेळात अशी होती की मोठमोठे गडी तिच्यासमोर पाणी मागत. शहरातल्या लीगमध्ये पाच जणांच्या एका संघात तिला जागा मिळाली. लीग त्याच कंपनीच्या सेवेवर चालायची, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या ठिकाणाहून खेळायचं. बाकीचे चौघे आपल्या घरून खेळत, ही आईच्या पार्लरमधून. सरावात ती सगळ्यांना लोळवायची. आणि सामना आला की तिचं काहीतरी व्हायचं.

कोपऱ्यावरून माणूस डोकावला की ती गोळी झाडायची, आणि माणूस निघून गेल्यावर गोळी भिंतीवर बसायची. पहिल्या सामन्यात असं झालं, दुसऱ्यात झालं, तिसऱ्यातही झालं. जिंकले ते दोन सामने बाकीच्यांनी ओढून नेले.

"आई, मी वेळेवर दाबते. ते नंतर होतं," ती म्हणायची. "माऊस चिखलातून फिरवल्यासारखा वाटतो."

सामना संपून गर्दी पांगली की काकू स्वतः लाइन मोजायला बसायच्या. वेग भरपूर. पिंग, म्हणजे इथून निघालेला निरोप सर्व्हरला शिवून परत यायला लागणारा वेळ, तोही अगदी थोडा. प्रत्येक वेळी हेच. आणि सामना चालू असताना पडद्यावरचं चित्र तर आरशासारखं स्वच्छ असायचं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात यंत्राचं दुखणं यंत्रात शोधलं, तिला यंत्रात दुखणं सापडेना. मग तिने ते लेकीत शोधलं.

"सरावात होतं आणि सामन्यात होत नाही, याचा अर्थ मला शिकवू नकोस," त्यांनी एकदा भरल्या पार्लरमध्ये सुनावलं. "चार माणसं बघायला लागली की हात गळतात तुझे. कच खातेस तू. यंत्रावर खापर फोडू नकोस, यंत्र मी तपासलंय!"

स्क्रूड्रायव्हर आपटला. पोरं खाली बघायला लागली. त्यानंतर लेक चिखलाबद्दल पुन्हा बोलली नाही. सामन्यात मात्र ती माणूस दिसायच्या आधीच, अंदाजाने बटण दाबायला शिकली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता चौथा सामना होता. संघाच्या कप्तानाने तिला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की आज पुन्हा तसं झालं तर पुढच्या सामन्याला दुसरा माणूस उभा करणार. काकूंना ते ठाऊक होतं. त्या लेकीच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्यांना भावाचा भयंकर राग येत होता.

कारण भाऊ प्रत्येक सामना इंटरनेटवर थेट दाखवायचा. पार्लरची जाहिरात! त्याने तीन कॅमेरे लावले होते, एक लेकीच्या चेहऱ्यावर, एक हातांवर, एक बघ्यांवर. शिवाय खेळाचा पडदा. सगळं एकदम, उत्तमात उत्तम दर्जाचं. पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा यायचा, तोही त्याने "दिसायला घाण दिसतो" म्हणून बंद करून टाकला होता. आणि वर माइक हातात घेऊन समालोचन.

"आणि आपली वाघीण आली... दाबलं... अरेरे! वाघीण पोचेपर्यंत शिकार जेवून झोपली!"

बघे हसले. लेकीच्या मानेवर घामाची एक रेघ उतरली. त्या गार खोलीत.

"पुन्हा उशीर! मंडळी, हिला कुणीतरी घड्याळ भेट द्या!"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला त्या स्वतः काहीही बोलत, पण दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे, मग तो मामा का असेना. त्या तरातरा भावाच्या टेबलाशी गेल्या, त्याच्या कॉम्प्युटरमागे हात घातला आणि नेटची केबल हिसकून काढली. टेबलावरचा चहाचा पेला आडवा झाला.

"ताई! लाइव्ह चाललंय!"

"चाललं होतं!"

त्याच वेळी पलीकडे लेकीच्या पडद्यावर एक चमत्कारिक गोष्ट झाली. तिने लागोपाठ दोन गोळ्या भिंतीवर घातल्या, कोपऱ्यावरून माणूस यायच्या आधीच. लेकीने माऊसवरचा हात उचलला. परत ठेवला. डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. पडद्यावरची नेम धरायची निशाणी बोटाला चिकटल्यासारखी हलली.

"आई, काय केलंस तू?"

"मामाचं तोंड बंद केलं."

"ते नाही! इथे काय केलंस? आत्ता सगळं दाबलं तेव्हाच होतंय!"

आणि ती वळली, आणि खेळली. पुढची प्रत्येक गोळी बसली. बघे हसायचे थांबले. पण सामना हातातून आधीच गेला होता, शेवटच्या दोन फेऱ्या एकटीने जिंकून हरलेला सामना जिंकता येत नाही.

काकू केबल हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तेच वाईट होतं. सर्व्हरवरून चित्रं खाली येतात, तो जिना रुंद. इथून वर जाणारा जिना अरुंद, आणि भावाचे तीन कॅमेरे त्या जिन्यावरून एकापाठोपाठ एक कपाटं चढवत होते. लेकीचं बटण म्हणजे हातात चिठ्ठी घेतलेलं पोर. कपाटांच्या मागे ते राउटरच्या रांगेत उभं. चिठ्ठी पोचेपर्यंत पाव सेकंद गेला की तिकडे सर्व्हरवर माणूस कोपरा ओलांडून पसार. खाली येणारं चित्र मात्र तसंच स्वच्छ, फक्त जुन्या हुकमाचं. सिनेमा असता तर पुढचं चित्र आधीच आणून साठवता आलं असतं. पण जे बटण अजून दाबलंच नाही, त्याचं चित्र कोण काढून ठेवणार?

आणि त्या मोजायला बसायच्या तेव्हा सामना संपलेला असायचा, कॅमेरे बंद, जिना मोकळा.

लेकीचा फोन वाजला. कप्तान होता. ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"दे इकडे तो फोन!" काकू कडाडल्या. "मी बोलते त्या शहाण्याशी! न बघता, न विचारता माणसाला काढून टाकतो म्हणजे काय!"

"राहू दे, आई," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते ऐकणं कठीण होतं. "तो स्वतः खेळत असतो, त्याने माझे हात कधी बघितले नाहीत. तू मागे उभी राहून बघत होतीस. मी दाबलेलं तुला दिसत होतं."

काकूंनी आपटायला काहीतरी शोधलं. हातात केबलच होती. ती आपटून आवाज होत नाही.

मग त्या भावाकडे वळल्या. "लाव ही. कर चालू तुझं सगळं. तिन्ही कॅमेरे. माइक मला दे."

"ताई, आता सामना संपला..."

"चालू कर म्हटलं ना!"

भावाने केबल लावली. काकू लेकीच्या खुर्चीत बसल्या, तिचा हेडफोन चढवला, चष्मा सारखा केला, कोपऱ्यातला पिंगचा आकडा परत चालू केला आणि सरावाचा खेळ उघडला. आकडा बघता बघता दहा पटींनी फुगला. काकूंनी माऊस हलवला, निशाणी मागून खुरडत आली. पहिला माणूस डोकावला, काकूंनी दाबलं, गोळी भिंतीवर बसली. दुसरा डोकावला. भिंत. तिसऱ्याने उभ्या उभ्या काकूंना मारलं. इंटरनेटवर शंभरभर माणसं बघत होती, त्यात लीगचीही होती, पण काकू थांबल्या नाहीत.

"बघताय ना?" त्या माइकमध्ये ओरडल्या. "तुमच्याकडे हे थोडं उशिरा पोचेल, तुम्हाला काही फरक पडत नाही, तुम्ही बघणारे! खेळणाऱ्याला पडतो! माझी पोर चार सामने हे असं खेळली. का, तर आम्हाला तिचा तमाशा दाखवायचा होता! तिने मला सांगितलं होतं, वेळेवर दाबते म्हणून. मी तिला म्हटलं, तुझे हात गळतात. सगळ्यांसमोर म्हटलं. म्हणून सगळ्यांसमोर सांगते. हात गळत नव्हते. माझंच डोकं फिरलं होतं!"

काकू खेळत राहिल्या, मरत राहिल्या. काही सेकंदांनी भावाच्या पडद्यावर कप्तानाचा मजकूर उमटला, तो त्याने वाचून दाखवला: "काकू, असल्या लाइनवर तिने मागच्या सामन्यात चौघांना मारलं?"

"पाच!" काकू किंचाळल्या. "मोजायला तरी शीक!"

लेक भावाच्या टेबलाशी गेली. तिने शांतपणे केबल काढली, गुंडाळून खिशात ठेवली, आणि येऊन आईच्या डोक्यावरचा हेडफोन उचलला.

"ऊठ आता," ती म्हणाली. "ती जागा माझी आहे."

काकू उठल्या.